पावसात रोज भजीच कशाला? संध्याकाळच्या खाण्याचा निर्णय सकाळीच घ्या

भीमाशंकरच्या डोंगरात पाऊस कोसळतो, तेव्हा आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडील पारगावात बहुतेक वेळा नुसती झिमझिम असते. पण संध्याकाळी शेतातून, कारखान्यातून, शाळेतून घरी परतलेल्यांना गरम आणि कुरकुरीत हवे असते. मग कढई चढते. आठवड्यातून एक-दोनदा ते ठीकच आहे. पण पावसाळाभर रोज तळण होते, त्याला चवीपेक्षा दुसरेच एक कारण आहे: ऐन वेळी दुसरे काही तयार नसते.

भजी का जिंकतात?

बेसन भिजवावे लागत नाही, कांदा घरात असतोच. पंधरा मिनिटांत ताट भरते. याउलट मटकी किंवा शेंगदाणे सहा वाजता आठवले, तर उपयोग शून्य. त्यामुळे 'आज तळायचे नाही' हा निर्णय संध्याकाळी टिकत नाही. तो सकाळच्या चहाबरोबर घ्यावा लागतो.

दुसरे कारण कढईतच असते. तळून उरलेले तेल टाकवत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तळण होते. वारंवार तापवलेले तेल खराब होत जाते. खाद्यपदार्थ विक्रेत्यांसाठी 'एफएसएसएआय'ने 2018 पासून मर्यादा घातली आहे: तेलातील 'टोटल पोलर कंपाउंड्स', म्हणजे तापवल्याने तयार होणारे घटक, 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचे नाही. घरी हे मोजता येत नाही. तेल काळपट व चिकट झाले, फेस येऊ लागला किंवा लवकर धूर निघू लागला, की ते टाकून द्यावे. सुरुवातीलाच लहान कढईत कमी तेल घेतले, तर उरतेही कमी.

तीच चव, तव्यावर

जिभेला हवा असतो बेसन, कांदा आणि ओव्याचा वास. तो धिरड्यातही मिळतो. चार माणसांसाठी दोन वाट्या बेसन, दोन चमचे तांदळाची पिठी, दोन बारीक चिरलेले कांदे, अर्धा चमचा ओवा, हळद, तिखट, मीठ घ्या. पळीने सहज पसरेल इतपत पाणी घाला. साधारण दीड ते दोन वाट्या लागते. दहा मिनिटे ठेवा.

तव्यावर पाण्याचा शिंतोडा चर्रकन उडाला की पीठ पसरा. कडेने अर्धा चमचा तेल सोडा, दोन मिनिटे झाकण ठेवा, मग झाकण काढून उलटा. कच्चे बेसन लागले, तर धिरडे जाड झाले आहे. तव्याला चिकटले, तर तवा पुरेसा तापलेला नव्हता. मऊ पडले, तर झाकण उशिरा निघाले. आठ धिरड्यांना सगळे मिळून चार छोटे चमचे, म्हणजे सुमारे 20 मिली तेल लागते. भज्यांना किती लागते, ते घरीच पाहता येते: तळण्याआधी आणि गार झाल्यावर तेल मोजा. कमी भरले, ते बहुतेक भज्यांत गेले.

घरातल्या डब्यांतून आठवडा

- सोमवार: सकाळी भिजवलेले शेंगदाणे, कुकरमध्ये मीठ घालून चार-पाच शिट्ट्या. घरी कुणाचा उपवास असेल तरी चालतात.
- मंगळवार: कांद्याचे धिरडे.
- बुधवार: भजी.
- गुरुवार: सकाळी भिजवलेल्या मटकीची उसळ, वर कांदा-लिंबू.
- शुक्रवार: भडंग.
- शनिवार: भाजणीचे थालीपीठ.
- रविवार: घरच्यांच्या आवडीचे तळण.

उसळीसाठी मोडच हवेत असे नाही. पावसाळी गारव्यात मोड यायला एरवीपेक्षा जास्त वेळ लागतो. आठ-नऊ तास भिजलेली मटकी तशीच शिजवली, तरी पंधरा-वीस मिनिटांत मऊ होते. भिजवलेल्या मटकीला आंबूस वास किंवा चिकटपणा आला असेल, तर ती फेकून द्यावी.

दमट हवेचे दोन सापळे

पहिला सापळा म्हणजे सादळलेले चुरमुरे. भडंग मऊ लागते आणि मुले पुन्हा भजीच मागतात. मंद आचेवर कोरड्या कढईत पाच-सहा मिनिटे परता, गार होऊ द्या, मगच फोडणीत घाला. फोडणीत गरम मसाल्याऐवजी लसूण आणि दाणे सढळ असले की चव येते. दुसरा सापळा अधिक गंभीर. बुरशी आलेले, सुरकुतलेले किंवा कडवट दाणे उकडून सुरक्षित होत नाहीत, कारण बुरशीचे विष उकळण्याने जात नाही. ते निवडून टाकावेत.

या आखणीला एक मर्यादा आहे. भिजवणे, निवडणे आणि तव्यापुढे उभे राहणे हे सगळे एकाच बाईवर पडले, तर ती पुन्हा कढईकडेच वळेल, आणि त्यात तिची चूक नाही. भज्यांचा घाणा एकदम निघतो, धिरडी एकेक करावी लागतात. म्हणून सकाळी दाणे भिजत घालणे आणि संध्याकाळी तवा सांभाळणे, ही दोन कामे घरातल्या दोन माणसांनी वाटून घ्यावीत.