निकालाच्या आठवड्यातला प्रीमियम

3 जून 2024, सोमवार. एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी 23,263.90 वर बंद झाला. लोकसभेचा निकाल दुसऱ्या दिवशी होता आणि आठवड्याची एक्स्पायरी गुरुवारी, 6 तारखेला. कर्वेनगर, कोथरूड, वारजे या पट्ट्यात संध्याकाळी ज्यांच्या ज्यांच्या मोबाइलवर ऑप्शन चेन उघडलेली असते, त्यांच्यात त्या दिवशी एकच खलबत चालले होते: कॉल घ्यावा की पुट? बाजार जोरात हलणार हे सगळेच धरून चालले होते. त्यामुळे दोन्ही घेऊन ठेवावेत, जिकडे पळेल तिकडे पळो, असाही सल्ला फिरत होता. सल्ला वाटतो तितका भाबडा नाही. पण प्रीमियमच्या पोटात काय असते ते न पाहता दिलेला आहे.

हिशेब सोपा व्हावा म्हणून निफ्टी 23,250 आणि स्ट्राइकही तोच धरू. बाजार रोज साधारण 1 टक्का हलतो असे मानले, तर वर्षाच्या मापाने व्होलॅटिलिटी होते 16 टक्क्यांच्या आसपास. व्याज बाजूला ठेवले, तर अशा ॲट द मनी ऑप्शनची किंमत शिल्लक दिवसांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालते. एक ट्रेडिंग दिवस उरला असेल तर सुमारे 93 रुपये, चार दिवस उरले असतील तर 185, सोळा दिवस उरले असतील तर 371. म्हणजे दिवस चौपट झाले की प्रीमियम फक्त दुप्पट होतो.

थीटाचा सगळा स्वभाव या वर्गमुळात आहे. सोळा दिवस बाकी असताना हा ऑप्शन दिवसाला साधारण 12 रुपये गमावतो, चार दिवस उरल्यावर 23 रुपये, आणि शेवटच्या दिवशी उरलेले 93 च्या 93. म्हणून ऑप्शन विकणारे शेवटच्या आठवड्याची वाट पाहतात.

मात्र ‘एक्स्पायरी जवळ आली की थीटा वाढतो’ हे वाक्य क्लासांत जितक्या ठामपणे सांगितले जाते तितके ते खरे नाही. ते ॲट द मनी ऑप्शनपुरतेच आहे. हजार पॉइंट वरचा, 24,250 चा कॉल घेतला तर सोळा दिवस असताना तो रोज साडेसहा-सात रुपये गमावतो आणि चार दिवस राहिल्यावर जेमतेम अडीच. शेवटच्या दिवशी जवळपास शून्य, कारण गमावण्यासारखे काही उरलेलेच नसते. लांबचा स्वस्त कॉल शेवटच्या दोन दिवसांत विकून ‘थीटा खाणारा’ माणूस खरे तर पैसा-दोन पैशांसाठी मोठ्या उसळीची जोखीम उचलत असतो.

वेगा उलट्या दिशेने जातो. व्होलॅटिलिटी एका टक्क्याने बदलली तर प्रीमियम किती बदलेल, ते वेगा सांगतो. आपल्या ऑप्शनचा वेगा सोळा दिवस असताना 23 रुपये, चार दिवसांत पावणेबारा, शेवटच्या दिवशी सहाच्याही आत. यावरून सरळ निष्कर्ष निघतो की आठवड्याच्या ऑप्शनला व्होलॅटिलिटीची फारशी भीती नाही.

4 जूनसारख्या दिवशी हा निष्कर्ष अंगाशी येतो.

कारण आठवड्याच्या ऑप्शनची व्होलॅटिलिटी आणि महिन्याच्या ऑप्शनची व्होलॅटिलिटी एकाच मापाने हलत नाहीत. निकालाच्या दिवशी 3 टक्क्यांच्या हालचालीची अपेक्षा आहे आणि इतर दिवशी नेहमीच्या 1 टक्क्याची, असे धरू. या हालचाली थेट बेरजेत जात नाहीत, त्यांचे वर्ग जातात. मंगळवार ते गुरुवार असे तीन दिवस मिळून 9 अधिक 1 अधिक 1, म्हणजे 11. ते तीन दिवसांवर वाटले की रोजचे सुमारे 1.9 टक्के पडतात आणि वर्षाच्या मापाने 30 टक्क्यांहून थोडी जास्त व्होलॅटिलिटी येते. एकवीस दिवसांच्या ऑप्शनमध्ये तेच 9 इतर वीस दिवसांत विरघळते आणि आकडा 19 च्याही खाली राहतो. निकाल लागला की दोन्ही 16 वर येतात. महिन्याचा ऑप्शन पावणेतीन टक्के गमावतो, आठवड्याचा साडेचौदा.

आता निफ्टी जागेवरच राहिला असे समजू. आठवड्याचा ऑप्शन 307 रुपयांवरून 131 वर येतो. गेलेल्या 176 रुपयांपैकी सुमारे 147 वेगाच्या खात्यातले आणि 30 च्या आसपास थीटाच्या. तेव्हाच्या 25 च्या लॉटला 4,400 रुपये. महिन्याचा ऑप्शन 500 वरून 415 वर येतो. ज्याचा वेगा लहान, त्याचेच नुकसान मोठे: निम्म्याहून जास्त प्रीमियम एका दिवसात साफ. हाच हिशेब उलटा मांडला, तर आठवड्याच्या ऑप्शनच्या आयव्हीवरून बाजार निकालाच्या दिवसासाठी किती टक्के हालचालीचे पैसे मागतो आहे तेही काढता येते. दोन्ही बाजू विकत घेणाऱ्याने निदान तेवढे तरी करावे.

प्रत्यक्षात निफ्टी जागेवर राहिला नाही. 4 जूनला तो 5.93 टक्के कोसळून 21,884.50 वर बंद झाला. 23,250 चा पुट घेणाऱ्याच्या हातात नुसत्या स्ट्राइकमधल्या फरकाचेच 1,365 रुपये होते. आपल्या हिशेबाने कॉल आणि पुट मिळून 614 रुपयांना घेतलेली जोडी एका दिवसात दुपटीच्या पुढे गेली. ज्याने ती त्याच संध्याकाळी मोडली, तो जिंकला. बुधवारी निफ्टी 736 पॉइंट उसळला आणि गुरुवारी 22,821.40 वर एक्स्पायरी झाली. पुटचे 428.60 रुपये उरले, कॉलचे काहीच नाही. सुमारे 6 टक्क्यांची पडझड अचूक ओळखूनही एक्स्पायरीपर्यंत थांबलेला माणूस तोट्यात. दरम्यान इंडिया व्हीआयएक्स 4 जूनला 27 च्या जवळ बंद होऊन दुसऱ्याच दिवशी 19 च्या खाली आला होता. त्या एका घसरणीने महिन्याच्या ॲट द मनी ऑप्शनचे साधारण 200 रुपये नेले असते. व्हीआयएक्स तीस दिवसांच्या अपेक्षेवर काढतात, म्हणून आठवड्याच्या ऑप्शनमधली खरी घसरण त्यात दिसतच नाही.

ऱ्होबद्दल मात्र थोडक्यात सांगून भागते. तो व्याजदराची संवेदनशीलता मोजतो आणि वर्गमुळाने नव्हे, थेट दिवसांच्या प्रमाणात आटतो. दर 1 टक्क्याने बदलला, तर वर्षभराच्या ॲट द मनी कॉलला शंभर-सव्वाशे रुपयांचा फरक पडतो, आठवड्याच्या कॉलला दोनेक रुपयांचा. 6 जून 2025 ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर अर्ध्या टक्क्याने खाली आणून 5.50 केला. बाजाराने इतकी कपात धरलेली नव्हती. दर उतरला की कॉल स्वस्त होतो, असे ऱ्हो म्हणतो, आणि 12 जूनच्या एक्स्पायरीच्या कॉलमध्ये त्याने नेलेला वाटा सुमारे एक रुपयाचा होता. त्याच दिवशी निफ्टी 252 पॉइंट चढला आणि ॲट द मनी कॉलला नुसत्या डेल्टाने सव्वाशे रुपये मिळाले.