‘शुल्क शून्य’ या पाटीखालची हुंडणावळ

गिरणगावातून कोकणात मनीऑर्डर जात असे, त्या काळी पैसे पाठविण्याची किंमत काय पडते हा प्रश्न कोणाला कोड्यासारखा वाटत नव्हता. टपाल खाते वीस रुपयांमागे एक रुपया हशील घेई आणि हा हिशेब अंगठा उठविणाऱ्या कामगारालाही तोंडपाठ असे. पाच टक्के हा दर मुळीच स्वस्त नव्हता. पण त्यात लपवाछपवी नव्हती, कारण लालबागेत भरलेला रुपया लांज्यात रुपया म्हणूनच पोस्टमनच्या हातून मिळत असे. टपाल खात्याने ही जुनी मनीऑर्डर २०१५ साली बंद केली. तोवर गिरणीही गेली होती आणि गिरणी कामगाराचा नातू दुबई-शारजाला फिटर, सुतार, ड्रायव्हर म्हणून रुजू झाला होता. त्याच्या पैशाला आता समुद्रच नव्हे तर चलनही ओलांडावे लागते. नेमक्या त्या ओलांडण्याच्या जागी, पूर्वी मनीऑर्डरच्या खिडकीवर नव्हता असा एक दुसरा गल्ला बसविलेला आहे.

या गल्ल्यावर पाटी असते : ‘शुल्क शून्य’. पाटी खोटी नसते, म्हणूनच ती अधिक फसवी असते. पैसे पाठविणाऱ्या धंद्याची कमाई दोन वाटांनी होते. एक वाट उघड शुल्काची. ते पावतीवर स्वतंत्र छापलेले असते. दुसरी वाट हुंडणावळीच्या दराची. दिरहमचा बाजारातील भाव एक असतो आणि कामगाराला रुपये मोजून देताना लावलेला भाव त्याहून थोडा कमी असतो. मधली तफावत दुकानदाराची. पावतीवर लावलेला भाव छापलेला असतो, पण तो कोणत्या भावाहून किती कमी आहे हे छापलेले नसते. उघड शुल्क शून्यावर आणून तफावत वाढविली की गिऱ्हाईकही खूश आणि मालकही खूश, फरक एवढाच की पैसे एकाचेच गेलेले असतात.

तफावत मोजायची तर गज हवा. तो गज म्हणजे मध्यदर. मोठ्या बँका आपापसांत चलनाची खरेदी-विक्री करतात तेव्हा खरेदीचा एक भाव असतो आणि विक्रीचा दुसरा. त्यांच्या बरोबर मधला तो मध्यदर. या दराने किरकोळ गिऱ्हाइकाला सहसा कोणी पैसे देत नाही आणि तो मिळालाच पाहिजे असा हट्टही नाही. पण या एकाच आकड्यात कोणाचाही नफा मिसळलेला नसतो, म्हणून मापाला तोच धरावा लागतो. एका दुकानाचा भाव शेजारच्या दुकानाच्या भावाशी ताडून पाहणे म्हणजे एक वाकडी काठी दुसऱ्या वाकड्या काठीने मोजण्यासारखे आहे.

दिरहमच्या बाबतीत मध्यदर काढणे सोपे आहे, ही गोष्ट आखातातील फार थोड्या लोकांना कोणी सांगितली असेल. संयुक्त अरब अमिरातीने १९९७ पासून आपले चलन डॉलरला बांधून ठेवले आहे : एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. म्हणून रुपयातील डॉलरच्या भावाला ३.६७२५ ने भागले की दिरहमचा मध्यदर हाती येतो. डॉलरचा संदर्भ दर भारतात कामकाजाच्या प्रत्येक दिवशी जाहीर होतो आणि रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर तो कोणालाही पाहता येतो. पथ्य एकच पाळायचे, ते असे की पावती ज्या दिवसाची त्याच दिवसाचा दर घ्यायचा. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो, तेव्हा दुकानदार सोमवारी भाव फिरेल या धास्तीने तफावत आणखी रुंद ठेवू शकतो. पगार सुट्टीच्या दिवशी हाती पडला तर हेही ध्यानात घ्यावे.

आता एक हिशेब मांडून पाहू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. समजा, डॉलर ८८.१४ रुपये आहे. म्हणजे दिरहमचा मध्यदर बरोबर २४ रुपये झाला. गुहागरकडचा एक फिटर १,००० दिरहम घेऊन निघाला आहे. रस्त्याच्या एका बाजूच्या एक्सचेंजमध्ये शुल्क २० दिरहम आहे, त्यावर तिथला ५ टक्के मूल्यवर्धित कर एक दिरहम, आणि भाव २३.८८ रुपये. दुसऱ्या बाजूला ‘शुल्क शून्य’, भाव २३.२८ रुपये. पहिल्या ठिकाणी २१ दिरहम वजा जाऊन ९७९ उरतात आणि घरी २३,३७८ रुपये पोचतात. दुसऱ्या ठिकाणी पुरत्या हजारावर २३,२८० रुपये पोचतात. मध्यदराने २४,००० व्हायला हवे होते. तेव्हा शुल्क घेणाऱ्याकडे पाठविण्याची खरी किंमत ६२२ रुपये, म्हणजे २.६ टक्के पडली; शुल्क न घेणाऱ्याकडे ७२० रुपये, म्हणजे पुरते ३ टक्के. फुकट वाटलेले दुकान जवळजवळ शंभर रुपयांनी महाग निघाले. आणि गंमत अशी की अमिरातीचा कर उघड शुल्कावर लागतो, भावातल्या तफावतीवर नाही. जे लपविले ते करमुक्त आणि जे सांगितले त्यावर कर, असा हा न्याय आहे!

याचा अर्थ उघड शुल्काचे दुकान नेहमीच स्वस्त असा कोणी घेईल तर तोही फसेल. त्याच फिटरचा खोलीतला सोबती, नुकताच आलेला हेल्पर, ४०० दिरहमच पाठवू शकतो. पहिल्या दुकानात त्याचे २१ दिरहम जाऊन ३७९ उरतात आणि घरी ९,०५० रुपये पोचतात. मध्यदराने ते ९,६०० होते, म्हणजे ५.७ टक्के कापले गेले. दुसऱ्या दुकानात मात्र त्याला ९,३१२ रुपये मिळतात आणि कपात तीच ३ टक्के. उलट त्यांचा फोरमन ३,००० दिरहम पाठवितो, त्याला पहिल्या दुकानात केवळ १.२ टक्के खर्च येतो. या दोन दुकानांपुरता काटा सुमारे ८३६ दिरहमवर फिरतो : त्याहून कमी रकमेला शून्य शुल्क बरे, त्याहून अधिक रकमेला उघड शुल्क बरे.

या आकड्यांत वर्गीय अर्थशास्त्राचा एक धडा आहे आणि तो कोणत्याही ग्रंथात शोधायला नको. ठरावीक शुल्क हे डोईपट्टीसारखे असते. ज्याची मिळकत कमी त्याच्या मिळकतीचा मोठा भाग ते खाते. तफावत ही रकमेच्या प्रमाणात असते, म्हणून दिसायला समान, पण ती डोळ्याआड असते. गरिबाला यातून सुटायचा उपाय सांगितला जातो तो हा, की दर महिन्याला न पाठविता दोन महिन्यांचे एकदम पाठवा. गणिताने हे बरोबर आहे : ८०० दिरहम एकदम पाठविले तर शुल्क एकदाच पडते. पण गुहागरच्या वाण्याची उधारी आणि पोरांची फी दोन महिने थांबणार आहे काय? ज्याच्या घरी शिल्लक आहे त्यालाच हा उपाय परवडतो.

आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर या खर्चाची चर्चा होत नाही असे नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरविलेल्या उद्दिष्टांत २०३० पर्यंत हा खर्च ३ टक्क्यांखाली आणावा आणि ५ टक्क्यांवरचा एकही मार्ग शिल्लक ठेवू नये, असे लिहिलेले आहे. जागतिक बँक शुल्क आणि तफावत दोन्ही मिळवून हा खर्च मोजते, हेही योग्यच. मात्र तिचे मुख्य माप २०० डॉलरच्या रकमेवर बेतलेले आहे. हेल्परचे ४०० दिरहम म्हणजे सुमारे १०९ डॉलर. सरासरीने उद्दिष्ट गाठल्याचे नगारे वाजले, तरी त्याच्या पावतीवरचे ५.७ टक्के त्या आवाजात ऐकू येणार नाहीत.

पैसा वाटेत आणखी एका ठिकाणी झिजू शकतो. एक्सचेंजचे भारतीय बँकेत रुपयांचे खाते असेल, तर रूपांतर तिकडेच होते आणि पावतीवरचे रुपये साधारणतः जसेच्या तसे खात्यात पडतात. पण रक्कम डॉलरमध्ये बँकेमार्फत निघाली, तर मधली एखादी बँक आपले शुल्क कापू शकते, भारतातील बँक आपल्या खरेदीदराने, म्हणजे आणखी एक तफावत ठेवून, रूपांतर करते आणि त्यावर जीएसटी लागतो. लहान रकमेला तो ४५ रुपयांहून कमी नसतो. ओळखण्याची खूण साधी आहे. पाठविणाऱ्याची पावती आणि घरच्या पासबुकातील नोंद शेजारी ठेवावी. पावतीवर पोचणारे रुपये लिहिलेलेच नसतील, तर खरी किंमत अजून ठरायची आहे असे समजावे.

धंद्यातील मंडळींचे म्हणणे असे की भाव क्षणाक्षणाला हलतो, जोखीम आम्ही घेतो, तफावत हे तिचेच मोल आहे. जोखीम आहे, हे मान्य. पण दिरहम तर डॉलरला बांधलेला आहे. हलतो तो रुपया, आणि एरवी त्याची दिवसाची हालचाल बहुधा या ३ टक्क्यांच्या आसपासही फिरकत नाही. शिवाय जोखमीचे मोल घ्यायला कोणी मनाई केलेली नाही. ते मोल गिऱ्हाइकाला सांगा, एवढीच मागणी आहे. स्पर्धेने सगळे आपोआप सुधारेल हा दुसरा युक्तिवाद. ज्या मालावर किंमतच लिहिलेली नाही त्या मालाच्या बाजारात स्पर्धा कशाची होणार? ती पाट्यांची होते.

अमेरिकेने २०१३ पासून पैसे पाठविणाऱ्या कंपन्यांना शुल्क, भाव आणि पोचणारी रक्कम आगाऊ लिहून देण्याची सक्ती केली. ते एक पाऊल होते. मध्यदर मात्र त्या कागदावरही लिहावा लागत नाही. भारताला याच्या पुढे जाता येईल आणि त्यासाठी परदेशी सरकारची मनधरणी करण्याची गरज नाही. आखातातील एक्सचेंजांना आपल्याकडे रुपये पोचवायचे तर भारतीय बँकांत रुपयाचे खाते लागते, आणि असे करार रिझर्व्ह बँकेच्या नियमांखालीच होतात. त्या करारात एक कलम घालता येईल : या मार्गाने येणाऱ्या प्रत्येक रकमेच्या पावतीवर त्या दिवसाचा मध्यदर, त्या दराने होणारे रुपये, प्रत्यक्ष पोचणारे रुपये आणि दोहोंतील फरक हे चार आकडे छापले पाहिजेत, तेही पाठविणाऱ्याला वाचता येईल त्या भाषेत. रिझर्व्ह बँकेच्याच पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात आलेल्या अशा रकमांपैकी सुमारे १९ टक्के रक्कम एकट्या अमिरातीतून आली. अमेरिकेखालोखाल तिचाच क्रमांक. एवढा प्रवाह ज्या खात्यांतून वाहतो, त्या खात्यांची किल्ली मुंबईत मिंट रोडवर आहे. कोकणातील खासदारांनी हे कलम अजून का घातले गेले नाही, हे लोकसभेत विचारावे.