नकाशा आपल्या वस्तीपुरताच

"आमच्या गल्लीत दिवा नाही" असे ग्रामसभेत तोंडी सांगितले की "कुठली गल्ली?" एवढ्या एका प्रश्नात वेळ जातो आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला जातो. त्याच अर्जाला वस्तीचा नकाशा जोडला आणि जिथे खांब नाही तिथे लाल फुली मारली, तर "कुठली?" हा प्रश्न उरत नाही. असा नकाशा फुकट काढता येतो. उदाहरणाला आम्ही कराड तालुक्यातील उंब्रज घेतले आहे.

मोबाईलवर नकाशा उघडून त्याचा फोटो घेणे आणि तो छापणे ही सर्वांची सवय आहे. पण बहुतेक मोबाईलच्या पडद्याची रुंदी सुमारे १,०८० ठिपक्यांची असते. तेवढेच ठिपके मोठ्या कागदावर पसरले की अक्षरे फुटतात. शिवाय वरची बटणे आणि बॅटरीची खूणही कागदावर येते.

त्यापेक्षा दुकानातल्या संगणकावर openstreetmap.org उघडावे. हा नकाशा जगभरच्या लोकांनी स्वखुशीने काढलेला आहे. शोधाच्या चौकटीत Umbraj, Karad असे लिहावे. नुसते उंब्रज लिहिल्यास जुन्नर तालुक्यातले उंब्रजही पुढे येऊ शकते. तारळी नदी कृष्णेला मिळते तो संगम आणि पुणे-बंगळूर महामार्ग दिसला की आपण योग्य गावी आलो.

आता चूक होण्याची जागा. वरच्या पट्टीत Export असे बटण असते आणि नाव पाहून माणूस तेच दाबतो. त्यातून चित्र मिळत नाही. नकाशामागची कच्ची माहिती मिळते, आणि ती फाईल दुकानातल्या संगणकावर उघडतही नाही. आपल्याला हवे ते उजव्या कडेचे Share. ते दाबल्यावर Set custom dimensions या ओळीपुढे खूण करावी. नकाशावर एक चौकट येते. तिचे कोपरे धरून ओढावेत आणि वस्ती, शाळा, विहार, मुख्य रस्ता एवढेच आत घ्यावे. चौकटीबाहेरचे काही छापले जात नाही.

समजा चौकट दीड किलोमीटर रुंद आहे आणि कागदावर नकाशा २५ सेंटीमीटर रुंद हवा आहे. म्हणजे एका सेंटीमीटरात ६० मीटर, प्रमाण १:६०००. हा आकडा Scale पुढे लिहून PNG प्रकार निवडला तर चित्राची रुंदी हजार ठिपक्यांच्याही आत भरते आणि छापल्यावर पुन्हा धूसर दिसते. आकडा २५०० केला तर ठिपके सव्वादोन हजारांच्या आसपास होतात, रेषा स्वच्छ येतात, पण तेच चित्र २५ सेंटीमीटरात बसवताना नावे इतकी बारीक होतात की आजोबांना वाचता येणार नाहीत. म्हणून ६००० ठेवून PDF निवडावे, असे आमचे मत आहे. त्यात चित्र ठिपक्यांचे नसून रेषांचे असते, त्यामुळे मोठे केले तरी फुटत नाही. मग Download दाबावे.

छापताना दुकानदार चित्र कागदाच्या मापात बसवतो आणि तिथे प्रमाण बदलते. त्यामुळे १:६००० हा आकडा कागदावर लिहू नये. पडद्यावर खाली डाव्या कोपऱ्यात मीटरची पट्टी असते, ती चित्रात उतरत नाही. तिच्या आधारे दोन चौकांमधले अंतर आधी पाहून ठेवावे आणि छापल्यावर तेच अंतर फूटपट्टीने मोजावे. ३०० मीटर जर साडेचार सेंटीमीटर भरले, तर दीड सेंटीमीटरची रेघ कोपऱ्यात ओढून तिच्यावर १०० मीटर लिहावे. जवळच "© OpenStreetMap contributors" ही ओळही लिहावी. नकाशा वापरण्याची तीच अट आहे.

एक गोष्ट मात्र नीट पाहावी. बाजारपेठेतली दुकाने नावानिशी दिसतात आणि वस्तीच्या जागी कोरी जागा असते, असे अनेक गावांत आढळेल. कोरी जागा म्हणजे तिथे घरे नाहीत असे नव्हे. तिथे कुणी काढायला बसले नाही एवढाच तिचा अर्थ. पण कार्यालयात कागद वाचणाऱ्याला ते कसे कळणार? म्हणून छापण्यापूर्वी गल्ल्या मोजून घ्याव्यात. घाई असेल तर राहिलेल्या गल्ल्या पेनाने काढाव्यात. सवड असेल तर कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींना त्याच ठिकाणी खाते उघडून Edit मधून गल्ल्या आणि वस्तीचे नाव भरायला सांगावे. काही वेळाने ते सर्वांच्या नकाशात दिसू लागते आणि नवे चित्र काढता येते.

दिवा, नळ, गटार, मिरवणुकीचा मार्ग यांसाठी हा कागद पुरतो. बांधाचा किंवा घरजागेच्या हद्दीचा वाद असेल तर तो चालणार नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच लागते.

अर्जाला जोडताना दोन प्रती काढाव्यात. फुल्या दोन्हींवर माराव्यात आणि आपल्याकडच्या प्रतीवर पोच घ्यावी.