नेमणूकपत्र द्या, मग इंजिनिअर मागा

‘पोट्टे टिकत नाहीत, सगळ्यांना पुणंच पाहिजे.’ गोंदिया, तिरोडा, देवरीकडून येणाऱ्या वाचकांच्या पत्रांत ही तक्रार वारंवार असते. तक्रार खरी आहे. सॉर्टेक्स, पीएलसीवर चालणारा उकड्याचा प्लांट आणि कोंड्यावरचा बॉयलर बसवणाऱ्या मिलला आता अनुभवी मिस्त्री पुरत नाही, डिप्लोमा किंवा पदवीचा इंजिनिअर लागतो. गोंदियातच शासकीय तंत्रनिकेतन आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तरी तिथून बाहेर पडलेला मुलगा महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुणे गाठतो किंवा गडेगावच्या अशोक लेलँडकडे, तिरोड्याच्या वीज प्रकल्पाकडे बघतो.

यावर काही कारखानदारांनी नवा लोगो, फेसबुकवरची चित्रफीत, महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाला देणगी असे उपाय केले. मुलांमध्ये कारखान्याचे नाव मात्र त्यामुळे होत नाही. ते गेल्या वर्षी लागलेल्या सीनिअरच्या तोंडून होते, आणि ज्युनिअर त्याला पहिला प्रश्न विचारतो, ‘लेटर मिळालं का?’

इथेच आपले बहुतेक सदस्य नापास होतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे आता बंधनकारक आहे, आणि ज्यांना आजवर दिले नव्हते त्यांच्यासाठी संहितेने तीन महिन्यांची मुदत घातली आहे. यावर ‘आणखी एक कागद वाढला’ अशी ओरड झाली. हा कागद सरकारने सांगण्याआधीच द्यायला हवा होता.

मिलमध्ये दोन वर्षे रात्रपाळ्या करून मुलगा चाकण किंवा बुटीबोरीला मुलाखतीला जातो, तेव्हा तिथले लोक नेमणूकपत्र, पगाराची स्लिप आणि पीएफच्या यूएएन खात्यातला नोकरीचा इतिहास मागतात. खात्यात नोंद नसेल, किंवा पगार ठेकेदाराच्या नावाने निघत असेल, तर त्याची दोन वर्षे शून्य धरली जातात. बॉयलरचा दाब सांभाळला, व्हीएफडी बदलले, सॉर्टेक्सची सेटिंग केली, पण कागदावर तो ‘सुपरवायझर’. असा एक मुलगा परत येऊन होस्टेलवर बोलला की त्या बॅचमधून पुढे कोणी येत नाही.

दुसरी फसगत पगाराच्या आकड्यात आहे. समजा, जाहिरातीत ‘वार्षिक तीन लाख’ लिहिले. मुलगा महिना 25,000 धरून येतो. मूळ पगार 15,000 असेल तर मालकाचा पीएफ 1,800, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे 720 आणि बोनसचे सुमारे 1,250 हे सगळे त्या 25,000 मध्येच मोजलेले असतात. उरतात साधारण 21,230. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात एकोणीस हजारांच्या आसपास येतात. यात बेकायदा काही नाही. पण हा हिशेब त्याला पहिल्या पगाराच्या दिवशी कळला, तर पहिल्याच महिन्यात विश्वास जातो. जाहिरातीतच ‘हातात सुमारे 19,000, बोनस वेगळा दिवाळीला’ असे लिहिले तर अर्ज कमी येतील, पण आलेला मुलगा माहिती घेऊन आलेला असेल.

आणि तारीख. वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा आहे. नोकरी सोडली तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पूर्ण करायचा आहे. शासनाकडून भरडाईचे पैसे रखडतात हे या मासिकाने अनेकदा मांडले आहे आणि पुढेही मांडेल. पण ती थकबाकी बावीस वर्षांच्या मुलाच्या खोलीभाड्यावर ढकलता येणार नाही.

शिकाऊ उमेदवारांकडेही असेच दुर्लक्ष आहे. तीस किंवा अधिक माणसांच्या कारखान्याला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे सक्तीचे आहे. म्हणजे 120 जणांच्या कारखान्यात किमान तीन. 2019 च्या नियमांनी पदवीधराचे किमान विद्यावेतन 9,000 ठरले, आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत त्यातला निम्मा वाटा केंद्र उचलते. पूर्वी मालकाने सगळे पैसे भरून नंतर मुंबईच्या कार्यालयाकडे परतावा मागायचा, त्रुटी काढून कागद परत यायचे, आणि लहान कारखाना कंटाळून योजनाच सोडायचा. तो राग रास्त होता. आता केंद्राचा वाटा थेट उमेदवाराच्या खात्यात जमा करण्याची व्यवस्था आली आहे. कारखान्याकडे उरते करार नोंदवणे, आपला वाटा वेळेवर देणे आणि पोर्टलवरची मासिक नोंद. ती नोंद मुनीमजींच्या टेबलावर पडून राहिली तर मुलाचे पैसे अडतात, आणि तो दोष मिलच्या नावावर जातो.

मुले दोन-तीन वर्षांनी जाणारच, हे धरून चला. जाताना अनुभवपत्रावर खरे पद आणि हाताळलेली यंत्रे लिहा. सदस्यांना आग्रहाची विनंती आहे : तंत्रनिकेतनाच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याकडे उन्हाळी धानाच्या भरडाईच्या गडबडीत नव्हे, सहावे सत्र सुरू होतानाच जा. सोबत नेमणूकपत्राचा कोरा नमुना आणि पगाराची फोड न्या, हंगामात किती रात्रपाळ्या पडतात ते स्पष्ट सांगा, आणि सध्या कामावर असलेला एखादा तरुण इंजिनिअर बरोबर घेऊन त्यालाच बोलू द्या. मालकाने त्या वेळी खोलीबाहेर थांबावे.