विश्लेषण : दुःख सांगावे की दाखवावे? खांडेकर, माडगूळकर आणि गद्याच्या दोन वाटा

महाबळेश्वर तालुक्यातील भिलार या स्ट्रॉबेरीच्या गावाची २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ अशी नवी ओळख झाली. तेथे घराघरांत साहित्यप्रकारानुसार पुस्तके मांडली आहेत आणि पर्यटकाला ती तिथेच बसून वाचता येतात. कादंबऱ्या वाचायला बसलेल्याला पहिल्या दोन-चार पानांतच एक निवड करावी लागते. साधे, मोजक्या शब्दांचे गद्य घ्यायचे की उपमा-अलंकारांनी नटलेले? आजचा वाचक बहुधा पहिल्याच्या बाजूने असतो. ‘अलंकारिक’ हा शब्द आता जवळजवळ दोष म्हणून वापरला जातो. पण हा निकाल घाईचा आहे.

एकाच जिल्ह्याच्या दोन शैली कोणत्या?

वि. स. खांडेकर यांचा जन्म १८९८ मध्ये सांगलीत झाला. व्यंकटेश माडगूळकर १९२७ मध्ये जन्मले ते आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यातल्या माडगुळे गावचे. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये पुस्तकरूपात आली, तर खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ मध्ये. म्हणजे जवळजवळ एकाच काळात, एकाच भागातून आलेल्या दोन लेखकांनी गद्याची दोन टोके गाठली.

‘बनगरवाडी’त औंध संस्थानातील धनगरांच्या वस्तीवर एक तरुण मास्तर शाळा चालवायला जातो. तो पाहतो, ऐकतो आणि सांगतो. दुष्काळ पडतो आणि वस्ती ओस पडते, तेव्हाही निवेदन आवाज चढवत नाही. ‘ययाति’त याच्या उलट घडते. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी सांगताना स्वतःचे मनही उलगडत जातात आणि त्यासाठी उपमांचा, रूपकांचा मुक्त वापर करतात.

भावना नेमकी कुठे ठेवली जाते?

फरक समजण्यासाठी एक काल्पनिक प्रसंग घेऊ. पाचगणी रस्त्यावर सखूबाईंचे स्ट्रॉबेरीचे दुकान आहे. मागच्या हंगामात त्यांचा नवरा वारला. हे वाचकाला आधीच ठाऊक आहे. प्रसंग साधेपणाने लिहिला तर असा होईल :

*सखूबाईंनी दुकान उघडले. दोन स्टुले मांडली. एकावर त्या बसल्या, दुसऱ्यावर फडका मारला. दुपारी एक गिऱ्हाईक त्या दुसऱ्या स्टुलाकडे वळले. ‘तिथं नको,’ त्या म्हणाल्या आणि उठून आपले स्टूल पुढे केले.*

आता तोच प्रसंग अलंकारिक गद्यात :

*दरीतून वर चढणारे ते धुके सखूबाईंना आपल्याच मनातून निघाल्यासारखे वाटले. त्याने वाट पुसली, झाडे पुसली आणि मागे ठेवले ते एक रिकामे स्टूल, देव हरवलेल्या देव्हाऱ्यासारखे. चाळीस वर्षे ज्या खोकल्याचा त्यांनी राग राग केला, त्याच खोकल्यासाठी आज त्यांचे कान आसुसले होते.*

पहिल्या उताऱ्यात दुःखासाठी एकही शब्द नाही. बाई उभी राहते, पण ते स्टूल देत नाही. त्याचा अर्थ वाचक स्वतः लावतो, आणि स्वतः लावलेला अर्थ सहसा जास्त लागतो. भावना कागदावर नसून वाचकाच्या अनुमानात असते. त्यामुळे हा परिणाम किंचित उशिरा, वाक्य संपल्यावर होतो.

दुसऱ्या उताऱ्यात वेळ थांबतो. घटना म्हटली तर काहीच घडत नाही, पण वाचक बाईच्या मनात शिरतो. तिथे त्याला असे काही मिळते, जे पहिला उतारा देऊच शकत नाही : प्रेमात मिसळलेला चाळीस वर्षांचा वैताग. फडका मारण्याच्या कृतीतून माया दिसते, पण तो वैताग दिसत नाही. मनातला असा अंतर्विरोध दाखवायला नुसती कृती कमी पडते.

मग कोणती शैली केव्हा?

याचे उत्तर बरेचसे निवेदकात असते. ‘बनगरवाडी’चा मास्तर वस्तीत उपरा आहे. धनगरांच्या मनात काय चालले आहे, हे त्याला बाहेरून जेवढे दिसते तेवढेच कळते. त्याने त्यांची दुःखे लांबलचक रूपकांतून मांडली असती, तर त्याला न कळणाऱ्या गोष्टीही कळतात असे वाटले असते. त्याचे कमी बोलणे हा त्याच्या माहितीचा प्रामाणिक हिशेब आहे.

ययातीचे तसे नाही. तो स्वतःविषयीच बोलतो आहे आणि त्याचा विषय आहे कधीच न भागणारी वासना. एका शब्दावर समाधान न मानता दुसरा, तिसरा शब्द शोधणारी भाषा त्याच्या स्वभावाशी जुळते. खांडेकरांचे गद्य काही ठिकाणी आज जड वाटते हे खरे, पण या राजाला मास्तराची भाषा दिली असती तर त्याची हाव वाचकापर्यंत पोहोचलीच नसती.

दोन्ही शैली कुठे फसतात?

अलंकारिक गद्य फसते ते उपमा पात्राच्या जगाबाहेरून आली की. सखूबाईंचे धुके आणि देव्हारा त्यांच्या रोजच्या पाहण्यातले आहेत. त्याऐवजी ‘अथांग सागरातील एकाकी गलबत’ आले असते, तर वाचकाचे लक्ष बाईवरून उडून लेखकाकडे गेले असते. दुसरा धोका गर्दीचा. धुके आणि देव्हाऱ्यानंतर आणखी दोन प्रतिमा आल्या असत्या, तर प्रत्येकीने आधीचीचा ठसा पुसला असता. तपासणी सोपी आहे : उपमा काढून वाक्य वाचावे. काहीच हरवले नसेल, तर ती नुसती सजावट होती.

साधे गद्य फसते ते वेगळ्या कारणाने. नवऱ्याच्या मृत्यूचा उल्लेख आधीच्या पानावर नसेल, तर तीच सखूबाई नुसती तऱ्हेवाईक वाटते. अमेरिकी लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी १९३२ मध्ये गद्याची तुलना हिमनगाशी केली होती, ज्याचा एक अष्टमांश भागच पाण्यावर दिसतो. त्यांच्या सांगण्याचा दुसरा भाग मात्र अनेकदा विसरला जातो : लेखकाने माहीत असलेले गाळले तर चालते, माहीतच नसलेले गाळले तर लिखाणात पोकळ जागा राहतात. आज अनेक नवकथांत छोटी छोटी वाक्ये ओळीने येतात. कोणी चहा ठेवतो, कोणी खिडकी बंद करतो, कोणी गप्प बसतो. ही गप्पता कशाबद्दलची आहे, हे लेखकालाही ठाऊक नसते. इथेही तपासणी आहेच. तो तपशील बदलून पाहावा. स्टुलाऐवजी बादली घातली आणि प्रसंग तसाच राहिला, तर तो तपशील काही काम करत नव्हता.

म्हणूनच ‘साधे ते खरे, नटवे ते खोटे’ ही वाटणी टिकत नाही. पात्राने जे करून दाखवले, ते पुन्हा सांगू नये. पण पात्र जे करून दाखवूच शकत नाही, त्यासाठी लेखकाने शब्द आखडते घेण्याचेही कारण नाही. वाचकानेही शब्द मोजण्याआधी एवढेच पाहावे, की बोलणाऱ्याला काय आणि किती ठाऊक आहे.