एका चौकटीत दोन ड्युट्या मावत नाहीत

संपादक महोदय,

पिंपरी-चिंचवडमधल्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या गेटवर मी रात्रपाळीला असतो. रात्री आठ ते सकाळी आठ. आपले दैनिक सकाळी साडेसहाला पहिल्यांदा माझ्याच हातात येते, म्हणून हे पत्र इथेच लिहावेसे वाटले. बारा तासांच्या ड्युटीतले चार तास कागदावर कसे स्वस्त होतात आणि कधी कधी कसे नाहीसे होतात, हे सोसायट्यांच्या कमिट्यांवर बसणाऱ्या वाचकांना कळायला हवे.

माझ्या खिशात एक छोटी वही असते. तिच्यात मी आलो ती तारीख आणि वेळ, सुटलो ती तारीख आणि वेळ आणि कोणाला चार्ज दिला त्याचे नाव लिहितो. हीच नोंद गेटवरच्या रजिस्टरमध्येही असते, कारण चार्ज घेताना आणि देताना दोघांच्या सह्या होतात. सुपरवायझरचे मस्टर मात्र वेगळे. त्यात एका तारखेला एक चौकट आणि चौकटीत एक ‘पी’. वेळ लिहायला जागाच नाही. सुपरवायझरकडे अनेक पोस्ट असतात, महिनाअखेरीस तो व्हॉट्सॲपवर आलेल्या हजेऱ्या बघून सगळ्या चौकटी एका बैठकीत भरतो. त्याच्यावर माझा वैयक्तिक राग नाही. पण रात्रपाळी दोन तारखांवर पडते आणि त्याचा कागद एकाच तारखेचा आहे.

एका महिन्याचा हिशेब मांडतो. महिना तीस दिवसांचा, चार साप्ताहिक सुट्ट्या मिळाल्या, म्हणजे सव्वीस रात्री. नेमणूकपत्रात आठ तासांची ड्युटी आणि दिवसाला ५२० रुपये, म्हणजे तासाला ६५. रोजचे चार तास जादा धरले तर सव्वीस रात्रींचे १०४ तास. त्यात १८ तारखेची सकाळ मिळवायची. त्या दिवशी माझा रिलीव्हर आलाच नाही. गेट मोकळे टाकता येत नाही, म्हणून दुपारी चारला दुसरा माणूस मिळेपर्यंत मी थांबलो, घरी जाऊन जेवलो आणि आठला परत रात्रपाळीला उभा राहिलो. हे आठ तास. शिवाय रिलीव्हर कधी पंधरा मिनिटे, कधी अर्धा तास उशिरा येतो. रजिस्टरवरच्या वेळांवरून त्याचीही महिन्याची बेरीज केली, ती सहा तास भरली. एकूण ११८ तास.

सुपरवायझरच्या कागदावर होते: हजेरी २६, ईडी १३. ‘ईडी’ म्हणजे एक्स्ट्रा ड्युटी. आमच्या धंद्यात जादा तास तास म्हणून लिहीत नाहीत. आठ जादा तासांची एक ईडी करतात आणि तिला साध्या दिवसाचा पगार लावतात. १०४ तासांच्या बरोबर १३ ईडी होतात, त्यामुळे कागद वरवर पाहिला तर चोख दिसतो. गफलत दरात आहे. जादा तासाला दुप्पट दर हवा, म्हणजे १३० रुपये, मिळतात ६५. आणि १८ तारखेचे आठ तास कुठेच नव्हते. त्या चौकटीत रात्रीचा एक ‘पी’ होता, दिवसाच्या ड्युटीला जागा उरली नव्हती. मी विचारले तेव्हा उत्तर आले, “काका, अठराला तुमचा पी लावलाय की. एका चौकटीत दोन पी कसे मारू? सिस्टीम घेत नाही.”

११८ तासांचे दुप्पट दराने १५,३४० रुपये होतात. मला मिळाले ६,७६०. एका महिन्याची तूट ८,५८० रुपये. मी वही आणि रजिस्टरच्या पानांचे फोटो घेऊन फील्ड ऑफिसरकडे गेलो. १८ तारखेची एक ईडी पुढच्या पगारात जमा झाली, तीही साध्या दराने. बाकी विषयावर, “बारा तासांचा पगार ठरलेला असतो, त्यात ओटी आलीच,” एवढेच ऐकायला मिळाले.

आलीच म्हणजे कुठे आली? २०१९ च्या वेतन संहितेचे कलम १४ सांगते की ठरलेल्या कामाच्या तासांपेक्षा जास्त काम घेतले, तर प्रत्येक जादा तासाला किमान दुप्पट दर द्यायचा. ठोक रकमेत ते पैसे धरले असतील तर पगारपत्रकावर वेगळे दिसले पाहिजेत. ‘रात्री नुसते बसून तर असता’ हेही मला नेहमी ऐकवतात. गस्तीच्या प्रत्येक टॅगवर माझी वेळ उमटते, ती कोणीही काढून बघावी. आणि बसलेला असलो तरी गेट सोडून मला जाता येत नाही. तो वेळ माझा नसतो. त्याच संहितेचे कलम ५९ मला फार महत्त्वाचे वाटते. पगार कमी मिळाल्याचा दावा दाखल झाला, तर पूर्ण पैसे दिल्याचे सिद्ध करणे ही मालकाची जबाबदारी आहे. तरीही माझ्या सोबत्यांना मी वही ठेवायला सांगतो, कारण दाव्यात किती तास मागायचे हे तरी आपल्याला ठाऊक हवे. महिन्याच्या शेवटच्या रात्रीची नोंद मी सुटलेल्या वेळेसकट त्याच महिन्यात घेतो. मस्टर बदलताना ती रात्र सर्वांत सहज हरवते. आणि मस्टरवर सही करताना वरचे रकाने दुमडून कागद पुढे केला, तर तो उलगडून बघितल्याशिवाय सही करत नाही.

आता कमिट्यांसाठी. चोवीस तासांच्या एका गेटला बारा-बारा तासांचे दोन रक्षक स्वस्त पडतात असे सगळे धरून चालतात. कायद्याने हिशेब करून बघा. बारा तासांच्या माणसाला आठ तासांचे आठ आणि जादा चार तासांचे दुपटीने आठ, म्हणजे सोळा तासांचा पगार द्यावा लागतो. दोघांचा मिळून बत्तीस तासांचा. आठ-आठ तासांचे तीन रक्षक ठेवले तर चोवीस तासांचा. तिसऱ्या माणसाचा भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा धरूनही तीन पाळ्यांचा खर्च जास्त होत नाही. दोन पाळ्या परवडतात त्या फक्त चार तास अर्ध्या किमतीत घेतल्यामुळे, आणि ती सूट एजन्सी देत नाही, रक्षक देतो. एजन्सीचे कोटेशन सर्वांत कमी कसे, याचे उत्तर बहुतेक वेळा याच चार तासांत असते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मस्टरमध्ये ‘पी’ऐवजी आल्याची आणि सुटल्याची वेळ तारखेसह लिहावी. तुमच्या गेटचे रजिस्टर तुमच्याच ताब्यात असते. एजन्सीचे बिल मंजूर करण्याआधी खजिनदारांनी ते मस्टरशेजारी ठेवून एका आठवड्याच्या वेळा जुळवून पाहाव्यात. रक्षकांची पगारपत्रके बिलासोबत मागावीत. आणि नवीन कोटेशन सभेपुढे येईल तेव्हा जादा तासांचा दर कोणत्या ओळीत आहे, तो दुप्पट आहे का, हे एजन्सीच्या माणसाला सर्वांसमोर विचारावे.

— एक सुरक्षा रक्षक, पिंपरी-चिंचवड
(नोकरीच्या कारणाने नाव छापू नये ही विनंती)