गोळीवर आळ, सुनेला शिक्षा

आमचं निपाणीचं घर मोठं. चार पिढ्या एका छताखाली. गेल्या दसलक्षणात दुपारी सगळ्या जणी एकत्र बसलो होतो, तेव्हा मोठ्या जाऊबाई त्यांच्या सुनेबद्दल म्हणाल्या, "बी.एड. होईपर्यंत दीड वर्ष गोळ्या खाल्ल्या. आता बंद करून अकरा महिने झाले, काही नाही. पिशवी सुकली हो तिची." सून स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू गेलंच असणार.

सासूबाईंनी मान डोलावली. त्या मला नेहमी सांगतात, त्यांच्या तरुणपणी लूप बसवायची मोहीम आली होती. १९६५ साली सरकारनं तो प्लास्टिकचा वेटोळा देशभर आणला. पुष्कळ बायकांना रक्त फार जायचं, पोटात कळा यायच्या. नंतर तपासायला कोणी यायचं नाही. लूपचं नाव तेव्हाच खराब झालं. सासूबाईंची भीती त्या अनुभवातून आलेली आहे. तिला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. पण त्या भीतीचा आळ आजच्या गोळीवर घालणंही बरोबर नाही.

गोळीत संप्रेरकं असतात. ती घेत असेपर्यंत अंडाशयातून बीज बाहेर पडत नाही. गोळी थांबली की ती संप्रेरकं थोड्या दिवसांत शरीराबाहेर जातात आणि बहुतेक जणींची पाळी महिन्या-दोन महिन्यांत पूर्ववत सुरू होते. पिशवी सुकत नाही, काही साठूनही राहत नाही. वर्षभरात गोळी घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांत दिवस राहण्याचं प्रमाण जवळपास सारखंच येतं. तांबी काढल्यावरही वाट बघावी लागत नाही. उशीर लागतो तो तीन महिन्यांच्या इंजेक्शनला. ते सोडल्यावर दिवस राहायला वर्षाच्या आसपास जाऊ शकतं. ज्यांना लवकर मूल हवं आहे, त्यांना हे आधीच सांगायला हवं.

मग जाऊबाईंसारखा अनुभव कसा येतो? एक कारण असं की काही मुलींची पाळी लग्नाआधीपासूनच अनियमित असते. गोळी चालू असेपर्यंत दर महिन्याला रक्तस्राव वेळेवर होतो, आणि बंद केल्यावर जुनी अनियमितता परत दिसते. दुखणं आधीचंच असतं, दोष गोळीला लागतो. म्हणून गोळी थांबवून तीन महिने झाले तरी पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवावं.

पण आमच्या सुनेची पाळी नियमित होती. मी जाऊबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी, आपल्या मुलाची तपासणी झाली का?" त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "त्याला काय झालंय? धडधाकट आहे."

माझा मुद्दा इथंच आहे. मूल न राहणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाचाही वाटा असतो, कधी एकट्याचा, कधी दोघांचा मिळून. ताकदीचा आणि बीजाचा संबंध नसतो, त्यामुळे धडधाकट दिसण्यावरून काही कळत नाही. पुरुषाची पहिली तपासणी सगळ्यांत सोपी: दोन ते सात दिवस संबंध टाळायचा, नमुना तासाभरात प्रयोगशाळेत द्यायचा. सुई नाही, भूल नाही. तरी आपल्या घरात आधी सुनेच्या सोनोग्राफ्या होतात, नवस होतात, कुठल्यातरी गावचं औषध येतं, आणि मुलाला शेवटी विचारतात.

पुतण्या बेळगावला जाऊन आला. एका मिलिलिटरला साधारण दीड कोटी शुक्राणू असावेत, त्याचे साठ लाख निघाले. डॉक्टरांनी एका अहवालावर निकाल दिला नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, मधे मोठा ताप येऊन गेला असेल तरी आकडा घसरतो, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. दुसऱ्यांदाही संख्या कमीच आली. तपासल्यावर अंडकोशातल्या शिरा फुगलेल्या आढळल्या. आता उपचार चालू आहेत. मूल होईलच असं कोणी सांगितलेलं नाही, पण कुठं बघायचं ते कळलं आहे.

सासूबाईंना मी अहवाल वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर माझ्या नणंदेला माहेरी धाडलं नसतं."

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. शंभर वर्षं उलटून गेली. मैत्रिणींनो, वडीलधाऱ्यांचा मान ठेवूनच सांगायचं आहे: सून पस्तिशीच्या आत असेल तर प्रयत्नांना एक वर्ष द्या, पस्तिशीपुढे सहा महिने. त्यानंतर तपासणीला दोघांनाही एकाच दिवशी पाठवा. तोवर गोळीचं नाव काढू नका, आणि सुनेचंही.